पालकभेटीनंतरचं पत्र: काय ठरलं, कोण करणार आणि पुन्हा कधी भेटायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा बोलणं बहुतेक चांगलंच होतं. लेकरू वाचनात मागं आहे हे सर सांगतात, आई मान हलवते, "हो जी, घरी पाहतो आम्ही," म्हणते आणि वेचणीला निघून जाते. दोन महिन्यांनी पुन्हा भेट होते. लेकरू तिथंच असतं. मग सर म्हणतात घरून लक्ष नाही, घरचे म्हणतात शाळेत शिकवत नाहीत. दोघांपैकी कोणाचं खरं हे ठरवायला हातात कागदाचा चिटोराही नसतो.

भेटीनंतरचं पत्र लागतं ते यासाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कामं दिली आहेत. पालकांना नियमित भेटणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांच्या कानावर घालणं हे त्यातलं एक. पत्र लिहा असं मात्र तिथं म्हटलेलं नाही. त्यामुळे पत्राचा ठरलेला नमुना नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे. नमुना असता तर रकाने भरून फाइलला लावून मोकळे झालो असतो.

पत्र कसं झालंय हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. पुन्हा भेटायच्या दिवशी ते समोर ठेवलं की दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत: जे ठरलं होतं ते झालंच नाही, की झालं पण लेकराला लागू पडलं नाही? पहिलं असेल तर अडचण शोधायची, दुसरं असेल तर उपाय बदलायचा. हे दोन्ही एकात मिसळले की चांगला उपाय टाकून दिला जातो, नाहीतर निरुपयोगी उपाय वर्षभर रेटला जातो. पत्रातली प्रत्येक ओळ हा फरक करायला कामी येते का, एवढंच पाहायचं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. गाव यवतमाळकडचं, काळ्या मातीचं, कापूस आणि तुरीचं. शाळा पहिली ते सातवी. चौथीतला मुलगा, त्याला चेतन म्हणू. आई-वडील दोघंही शेतमजूर. मोठी बहीण त्याच शाळेत सातवीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि वर्गशिक्षकांनी आईला बोलावलं. तिचं पहिलंच वाक्य होतं, "सर, मले त वाचताच येत नाही, मी काय घेऊ त्याचा अभ्यास?"

हे वाक्य मनात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या दिवशी संध्याकाळी सरांनी हे पत्र लिहिलं:

दि. 28 नोव्हेंबर, शुक्रवार

चेतनचे आई-बाबा, नमस्कार.

आज सकाळी चेतनची आई शाळेत आल्या होत्या. मी आणि मुख्याध्यापिका मॅडम होतो. बाबा कामावर होते. काय बोलणं झालं ते दोघांनाही माहीत असावं म्हणून लिहितो.

चेतन आज कसा वाचतो: कमळ, गवत असे साधे शब्द नीट वाचतो. काना, मात्रा, वेलांटी असलेले 10 शब्द दिले, त्यातले 6 बरोबर वाचले. पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा दिला, तर दुसऱ्या वाक्यात थांबला. गोष्ट ऐकवली की तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर देतो. तोंडी हिशेब चांगला करतो. फळ्यावरचं उतरवून घेताना डोळे बारीक करतो.

शाळेत काय करू: सोमवार ते गुरुवार परिपाठानंतर 20 मिनिटं मी चेतनला आणि आणखी तीन मुलांना वेगळं वाचायला बसवेन. चेतन पहिल्या ओळीत बसेल. डोळे तपासण्यासाठी ग्रामीण रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी आज दिली आहे.

घरी काय करू: जेवणानंतर चेतन ताईजवळ बसून शाळेनं दिलेल्या पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचेल. 10 मिनिटं पुरे. अडला तर ताई शब्द सांगेल, रागावणार नाही. तेवढा वेळ आई टीव्ही बंद ठेवून जवळ बसतील. वाचन झालं की आई कॅलेंडरवर त्या तारखेला पेनानं एक टिंब करतील. डोळे तपासायला बाबा 15 डिसेंबरपर्यंत घेऊन जातील, असं आईंनी सांगितलं आहे.

शिकवणी लावायची का, हेही बोलणं झालं. त्याबद्दल आज काही ठरलं नाही.

पुन्हा भेट: शुक्रवार 9 जानेवारी, सकाळी 10 वाजता, शाळेत. येताना कॅलेंडर आणा. त्या दिवशी तेच 10 शब्द नाही, तसलेच दुसरे 10 शब्द आणि चार वाक्यांचा दुसरा उतारा चेतनला वाचायला देऊ. शब्द सगळे यावेत आणि उतारा तीनपेक्षा जास्त चुका न होता वाचता यावा, एवढं धरून चाललो आहोत.

मध्येच घरी जमेनासं झालं तर वाट पाहू नका, ताईजवळ निरोप द्या. काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा, दुरुस्त करू.

खाली वर्गशिक्षकांची सही आणि आईच्या अंगठ्यासाठी जागा.

पत्र कागदाच्या एका बाजूत मावतं, आणि तसंच हवं. पान उलटावं लागलं की घरात कोणी पुढचं वाचत नाही. आता यातल्या ज्या जागा बहुतेक वेळा बिघडतात तिथं थोडं थांबतो.

पहिली जागा म्हणजे चेतनचं वर्णन. "चेतन अभ्यासात कच्चा आहे, लक्ष देत नाही" असं लिहिणं सोपं आहे. पण 9 जानेवारीला कच्चेपणा मोजणार कशानं? दहातले सहा हा आकडा त्या दिवशी पुन्हा काढता येतो. शिवाय "कच्चा" हा शिक्का आहे. तो ताई वाचणार, शेजारची पोरं वाचणार आणि लेकरू वर्षभर तो डोक्यावर घेऊन फिरणार. नुसतं पाहिलेलं लिहिलं की घरच्यांना भांडायलाही काही उरत नाही, कारण आईसमोरच शब्द वाचून घेतलेले असतात. चेतनला जे येतं तेही त्याच परिच्छेदात आहे. आईचं मन राखायला नव्हे, तर त्यातून कळतं की त्याला ऐकून समजतं आणि अडचण छापील अक्षराशी आहे. उपाय कुठं करायचा हे त्या एका वाक्यावरून ठरलं.

डोळे बारीक करण्याबद्दलही तसंच. सरांनी "नजर कमी आहे" लिहिलं नाही, "वाचनदोष आहे" असं तर नाहीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातली एक आहे, हे शिक्षकाला माहीत असावं. पण ती आहे की नाही हे ठरवणं तज्ज्ञांचं काम आहे. वर्गशिक्षकाच्या पत्रात त्या नावाला जागा नाही. सहा आठवडे उपाय नीट होऊनही काहीच हललं नाही, तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना मुलगा दाखवायचा. पण त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते येऊन गेलं असेल आणि त्या दिवशी मूल गैरहजर असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात वर्ष जातं. म्हणून इथं थेट रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

दुसरी जागा घरच्या कामाची. "पालकांनी घरी नियमित अभ्यास घ्यावा" हे वाक्य मी शेकडो कागदांवर वाचलंय. ज्या आईला वाचता येत नाही तिला ते वाक्य काय सांगतं? तुमच्यानं होणार नाही, एवढंच. वरच्या पत्रात आईकडे तीन कामं आहेत: टीव्ही बंद करणं, जवळ बसणं, टिंब करणं. तिन्हीला अक्षरओळख लागत नाही. वाचनाची मदत ताईकडे आहे, पण ताईही सातवीतली पोर आहे, तिचा स्वतःचा अभ्यास आहे, म्हणून 10 मिनिटं आणि एकच पान. तासभर लिहिलं असतं तर चौथ्या दिवशी सगळं बंद पडलं असतं. काम ठरवताना आईला विचारायचं, "सांजच्याले घरी कोण असते? जेवण किती वाजता होते?" कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे जितका वेचाल तितके पैसे. दिवस मावळेपर्यंत वावरात राहणाऱ्या घरात संध्याकाळी सहाची वेळ देणं म्हणजे न होणारं काम देणं.

टिंबाची युक्ती मला फार आवडते. शिकलेल्या पालकाला वही देता येते, इथं भिंतीवरचं कॅलेंडर आधीच आहे. गॅस सिलिंडर कधी आणला, गाय कधी लागली, हे त्याच्यावर लिहिलेलंच असतं.

तिसरी जागा शाळेच्या कामाची. पालकांची कामं तारखेनिशी आणि शाळेचं काम "जादा मार्गदर्शन करण्यात येईल", असं पत्र एकतर्फी होतं. सरांनी चार दिवस आणि 20 मिनिटं लिहिली. सहा दिवस का नाही? कारण शनिवारी सकाळची शाळा असते, शुक्रवारी बाजारामुळे हजेरी पडते, आणि महिन्यात प्रशिक्षण, केंद्राची बैठक, कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती हे आलंच. जेवढं होईल तेवढंच लिहावं. सरांनी स्वतःसाठीही वहीत तारखा टाकल्या, कारण टिंब फक्त आईनं दाखवायची आणि शाळेनं तोंडी सांगायचं, हे काही बरोबर नाही.

"करण्यात येईल" ही क्रियापदं तर काढूनच टाका. त्यात करणारा दिसत नाही. पत्रातल्या प्रत्येक कामाला माणूस हवा: मी, ताई, आई, बाबा.

बाबांचं वाक्य पुन्हा पाहा. "बाबा घेऊन जातील, असं आईंनी सांगितलं आहे." बाबा भेटीला नव्हते, म्हणून त्यांनी कबूल केलं असं लिहिता येत नाही. असल्या बारीक गोष्टीवरून घरात भांडणं होतात. शिकवणीची ओळही त्याच कारणानं आहे. जे ठरलं नाही ते तसं लिहिलं नाही, तर दीड महिन्यानं आईला वाटतं सरांनी शिकवणी लावा म्हटलं होतं आणि सरांना वाटतं नको म्हटलं होतं.

काही गोष्टी बोलण्यात येतात पण पत्रात येऊ नयेत. घरातली दारू, कर्ज, नवरा-बायकोचं भांडण आई विश्वासानं सांगते. उपायाला त्यातलं जेवढं लागतं तेवढंच घ्यावं. बाबा रात्री उशिरा येतात आणि गोंधळ होतो असं कळलं, तर पत्रात "वाचन साडेसातच्या आत" एवढं पुरे. हे पत्र पाकिटात घालून आईच्या हाती द्यावं. चेतनच्या दप्तरात टाकलं की त्याला ती तक्रार वाटते आणि कागद कदाचित घरी पोचतच नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर चुकूनही टाकू नये. फोटो पाठवायचाच असेल तर फक्त बाबांच्या किंवा आईच्या नंबरवर.

आईला वाचता येत नसेल तर पत्र वाचून दाखवावं आणि मग तिलाच विचारावं, काय काय ठरलं. चेतनच्या आईनं टीव्ही आणि टिंब सांगितलं, पण दवाखान्याची तारीख निसटली. सरांनी ती पुन्हा सांगितली. मग दोन प्रतींवर अंगठा घेतला, एक घरी, एक शाळेत. अंगठ्याचा अर्थ "मला वाचून दाखवलं, मला कळलं" एवढाच. हा करार नाही. टिंब कमी झाली म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही, मुलाच्या सवलतीशी याचा संबंध नाही. हे तोंडानं सांगावं लागतं, कारण अंगठा म्हटलं की आपल्याकडे माणूस घाबरतो. बँकेच्या आणि सावकाराच्या कागदांनी ती भीती घातलेली आहे.

आता तारीख. "पुढील भेटीत आढावा घेऊ" ही तारीख नव्हे. दिवस, वार, वेळ आणि जागा, चारही लागतात. सहा आठवडे का? दोन-तीन आठवड्यांत वाचनातला फरक डोळ्यांना दिसेल इतका नसतो. तीन महिने थांबलं तर, उपाय लागू पडत नसल्यास, सत्र हातचं जातं. शुक्रवार निवडला कारण त्या गावचा आठवडी बाजार शुक्रवारी. त्या दिवशी मजुरी बंद, हप्त्याचा चुकारा होतो आणि बाया बाजाराला निघायच्या आधी शाळेत येऊ शकतात. इतर दिवशी सकाळी 10 ला बोलावलं की त्या घराची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. तारीख ठरवताना पंचांग नाही, पीक पाहायचं: सोयाबीनची सोंगणी, कापसाचा वेचा, तुरीची कापणी. ज्यांच्या गावचा बाजार रविवारी असतो त्यांना हे जमणार नाही. तिथं संध्याकाळी घरी जाऊन भेटणं बरं. तारीख चुकलीच, समजा सरांना त्या दिवशी मतदार यादीच्या कामाला पाठवलं, तर त्याच पत्रावर जुनी तारीख तशीच ठेवून खाली नवी लिहायची आणि आदल्या दिवशी निरोप द्यायचा.

9 जानेवारीला काय झालं ते सांगतो. आई कॅलेंडरची दोन पानं घडी करून घेऊन आल्या, डिसेंबर आणि जानेवारी. सरांनी आधी कॅलेंडर पाहिलं, मग वही, आणि चेतनला शेवटी बोलावलं. क्रम मुद्दाम असा, कारण लेकरू आधी वाचून अडलं की सगळे त्याच्याकडेच पाहत बसतात आणि काय झालं, काय राहिलं, हे विचारायचंच राहून जातं.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे टिंब दाट होती. 22 तारखेनंतर एकही नव्हतं. आईनं सांगितलं, दुसरा वेचा आला, ताईही शाळा सुटल्यावर वावरात यायची, रात्री थकून झोपायची. सरांच्या वहीत चारातले सरासरी तीन दिवस भरले होते. डोळ्यांची तपासणी झाली होती, पण 15 तारखेला नाही, 29 ला. नंबर निघाला, चष्मा आठवड्यापूर्वी मिळाला.

मग चेतन वाचायला बसला. काना-मात्रेचे दहापैकी नऊ शब्द बरोबर. उतारा शेवटपर्यंत वाचला, पाच चुका. पाचपैकी चार जोडाक्षरांच्या: "रस्ता", "पुस्तक", "मित्र", "गोष्ट".

ठरवलं होतं तीन, झाल्या पाच. पण कागद समोर होता म्हणून पुढचा विचार सरळ करता आला. घरचं वाचन जोवर झालं तोवर काना-मात्रा सुटली, म्हणजे उपाय लागू पडतो. मधे तो थांबला, कारण ताईचा वेळ गेला. चष्मा आत्ता आला, त्याचा परिणाम अजून मोजता येत नाही. आणि जोडाक्षरं आधीच्या पत्रात नव्हतीच, ती नव्यानं घ्यायला हवीत. यातली एकही गोष्ट "घरून लक्ष नाही" या वाक्यात बसत नाही.

त्याच पत्राच्या मागच्या बाजूला सरांनी पाच ओळी लिहिल्या. शाळेतली 20 मिनिटं चालू, पण आता जोडाक्षरांवर. वेचा संपेपर्यंत घरचं वाचन रात्री नाही. चेतन आणि ताई शाळेत 10 मिनिटं आधी येतील आणि व्हरांड्यात वाचतील, टिंब ताई शाळेच्या कॅलेंडरवर करेल. चष्मा वर्गात रोज लावायचा, तो घरी विसरला तर सर ताईला सांगतील. पुन्हा भेट शुक्रवार 20 फेब्रुवारी, सकाळी 10. आईचा अंगठा, सरांची सही.

राहता राहिला प्रश्न, हे पत्र ठेवायचं कुठं? मुलाच्या प्रगतीच्या नोंदींसोबत, वर्गशिक्षकाच्या खासगी फाइलमध्ये नाही. मे-जूनमध्ये बदल्या होतात आणि नवे सर येतात तेव्हा त्यांना हजेरीपट मिळतो, निकाल मिळतो, पण चेतनला ऐकून सगळं समजतं आणि जोडाक्षरावर अडतो हे कुठंच नसतं. काही घरं कामासाठी बाहेरगावी जातात. अशा मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते. पत्राची एक प्रत त्याच्यासोबत पालकांकडे द्यावी आणि तिकडच्या सरांना दाखवा म्हणून सांगावं. पुढच्या भेटीची तारीख मग त्यांनी त्यांच्या गावच्या बाजाराप्रमाणे टाकावी.